घाम, लाळ, उलट्या : केस पेपर एक, आणि चुकणारं निदानही ठरलेलं

नमस्कार मंडळी. आज एकच केस घेऊ, पण नीट शेवटपर्यंत नेऊ. मी नोट वाचतो. वाचून झाली की व्हिडिओ थांबवा आणि वहीत दोन ओळी लिहा: निदान काय, आणि पहिल्या पाच मिनिटांत काय कराल.

[पडद्यावर: केस पेपर]

मुलगा, वय 7 वर्षं, वजन 20 किलो. रायगड जिल्ह्यातलं गाव, मे महिना. संध्याकाळी घरामागे रचलेल्या कौलांजवळ खेळत असताना उजव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी चावलं. काय चावलं ते कुणी पाहिलं नाही. सुरुवातीला खूप रडला, आता पायाची तक्रार फारशी नाही. दोन तासांत चार उलट्या. घामानं कपडे ओलेचिंब, तोंडाला लाळ. नाडी 138, रक्तदाब 138/100, श्वास 28, ऑक्सिजन 97 टक्के. हातपाय गार. बाहुल्या विस्फारलेल्या. लिंग ताठरलेलं. छाती स्वच्छ. शुद्धीवर आहे, पण बेचैन. पापण्या पडलेल्या नाहीत.

थांबवा.

बऱ्याच वह्यांत ‘ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा’ असं लिहिलेलं असणार. त्याचं कारणही समजतं. घाम, लाळ, उलट्या हे त्रिकूट दिसलं की हात आपोआप ॲट्रोपिनकडे जातो. पण उरलेली नोट त्या निदानाला जुळत नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुली सहसा टाचणीच्या टोकाएवढी असते, छातीत स्राव भरलेला असतो, स्नायू फडफडतात. इथे बाहुली मोठी, छाती कोरडी, रक्तदाब चढलेला आणि हातपाय बर्फासारखे. मण्यार असती तर पापण्या पडू लागल्या असत्या आणि एवढा घाम आला नसता.

हा लाल विंचू आहे. विंचू कुणी पाहिला नाही म्हणून निदान अडत नाही. चावलेल्या जागी बोटानं हलकेच टिचकी मारून पाहा. कळ उठून मूल पाय ओढून घेतं.

आता आत काय चाललंय ते बघा, कारण उपचार तिथूनच येतो. विंचवाचं विष मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्या उघड्या ठेवतं. त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्था एकदम पेटते. आधी ॲसिटिलकोलीनची थोडा वेळ टिकणारी लाट येते: उलट्या, लाळ, घाम, लिंगाचा ताठरपणा. तिच्या पाठोपाठ ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिनचा पूर. अल्फा रिसेप्टरमुळे रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. काही तासांनी ते थकतं. मग पाणी फुप्फुसात.

नोटमधली सगळ्यात फसवी ओळ ‘आता पायाची तक्रार फारशी नाही’ ही आहे. नातेवाईक याला उतार समजतात, कधी इंटर्नही समजतो. विंचूदंशात हे उलटं असतं. पाय धरून आरडाओरडा करणारा, पण घाम नसलेला आणि हातपाय उबदार असलेला रुग्ण सहसा सुखरूप असतो. शांत पडलेल्या, गार, घामेजलेल्या मुलाकडे आधी धावायचं.

प्रश्न दुसरा: पहिलं औषध कोणतं?

प्राझोसिन. अल्फा रिसेप्टर अडवणारं, तोंडावाटे देता येणारं, स्वस्त. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जे आयुष्यभराचं काम केलं, त्यातून हा उपचार रुजला. मात्रा दर किलोला 30 मायक्रोग्रॅम. आपल्या मुलाला 20 गुणिले 30, म्हणजे 600 मायक्रोग्रॅम, 0.6 मिलिग्रॅम.

हातात गोळी 1 मिलिग्रॅमची. साधीच गोळी घ्या. हळूहळू औषध सोडणारी, ‘एक्सएल’ लिहिलेली गोळी इथे चालत नाही आणि ती कुटून तर मुळीच द्यायची नाही. साधी गोळी बारीक करून 10 मिलिलिटर पाण्यात घाला. ती नीट विरघळत नाही, तळाला बसते. म्हणून ढवळत ढवळत लगेच 6 मिलिलिटर ओढून द्यायचं. उलटीतून औषध पडलं तर पुन्हा द्या. उलट्या थांबतच नसतील तर नाकातून नळी घालून.

प्राझोसिनची पहिली मात्रा उभं राहिल्यावर रक्तदाब धाडकन पाडू शकते. मुलाला आडवंच ठेवा. आई कडेवर उचलून बाथरूमला नेते आणि तिथेच मूल मान टाकतं, असं होतं. तेव्हा आईला आधीच सांगून ठेवा. घाम आणि उलट्यांतून पाणी गेलेलं असतं, ते तोंडावाटे जलसंजीवनीनं भरून काढा. हातपाय गार दिसले की सवयीनं सलाईनचा मोठा झोत सोडला जातो. पण गारठा आवळलेल्या वाहिन्यांचा आहे, आणि तो झोत थकलेल्या हृदयावरच जाऊन पडतो.

नाडी, रक्तदाब आणि श्वास पहिले तीन तास दर अर्ध्या तासाला बघा. दर तीन तासांनी प्राझोसिनची पुढची मात्रा, हातपाय उबदार, कोरडे होऊन शिरा दिसू लागेपर्यंत. हाफकिनची विंचू प्रतिविष लस हाताशी असेल तर ती याच टप्प्यावर, प्राझोसिनच्या जोडीला. महाडमध्येच झालेल्या आणि 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत दोन्ही मिळालेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनपेक्षा लवकर बरे झाले.

स्टेरॉइड आणि ॲलर्जीचं इंजेक्शन? सवयीनं दिलं जातं, उपयोग नाही. ॲट्रोपिन तर घातकच: ॲड्रिनलिनच्या पुरात नाडी आणखी पळवतं.

प्रश्न तिसरा. नोट पुढे सरकते.

[पडद्यावर: चार तासांनी]

खोकला सुरू. श्वास 52, ऑक्सिजन 88 टक्के, दोन्ही बाजूंना बुडबुड्यांचे आवाज, तोंडाला गुलाबी फेस. रक्तदाब 84/60, हातपाय गारच.

इथे गुण क्रमाला आहेत. मुलाला टेकून बसवा, ऑक्सिजन लावा, शिरेतून द्रव चालू असेल तर बंद करा, भूल विभागाला बोलवा. रक्तदाब उतरलाय आणि फुप्फुसात पाणी आहे, म्हणून डोब्युटामिन, मिनिटाला दर किलो 5 मायक्रोग्रॅमपासून. हिशेब करू: 20 किलोला मिनिटाला 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला 6 मिलिग्रॅम. 250 मिलिग्रॅम औषध एकूण 50 मिलिलिटरमध्ये भरलं, तर एका मिलिलिटरमध्ये 5 मिलिग्रॅम. सिरिंज पंप तासाला 1.2 मिलिलिटरवर. गरजेप्रमाणे 15 मायक्रोग्रॅमपर्यंत वाढवता येतं. रक्तदाब सावरला की वाहिन्या सैल करणाऱ्या औषधाकडे परत. फ्रुसेमाइड लिहिताना जपून. घामानं सुकलेल्या मुलाला त्यानं आणखी सुकवाल.

आता त्याच केस पेपरवर फक्त काही ओळी बदलतो: बाहुल्या टाचणीएवढ्या, मांडीचे स्नायू फडफडताहेत, नाडी 54. चावल्याची खूण नाही, कौलांच्या जागी फवारणीचा पंप. आता मात्र ॲट्रोपिनच. दर किलो 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे याला 1 मिलिग्रॅम शिरेतून. दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. बाहुली मोठी होण्याची वाट बघत बसू नका, कान छातीवर ठेवा. आणि हे सुरू असतानाच कुणीतरी कपडे काढून अंग साबणानं धुवायला घ्या, हातमोजे घालून.