काटा हलेना, पण बेल्ट सैल झाला

हा बघा काटा. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही न खाता-पिता, आकडा ८४.१. तीन आठवड्यांपूर्वी होता ८४. तेव्हापासून भाऊ रोज साधारण ५०० कॅलरी कमी खातोय, सोबत व्यायामाची ताकद वाढवणारी पावडर, क्रिएटिन, घेतोय, जिम चालूच आहे, आणि वजन उलट शंभर ग्रॅम वर! इथेच बरेच जण क्रिएटिनचा डबा कपाटात टाकतात, आणि मला विचाराल तर तिथेच चुकतं.

आता हा चमचा बघा, क्रिएटिन मोनोहायड्रेट, ५ ग्रॅम. गार पाण्यात नीट विरघळत नाही, ग्लासच्या तळाशी पांढरी रेती राहते, मग परत थोडं पाणी घालून तीही पिऊन टाकायची. शरीरातलं जवळपास ९५ टक्के क्रिएटिन स्नायूंमध्येच असतं, आणि ते तिथे साठायला लागलं की सोबत पाणीही आत खेचतं. लोडिंग केलं, म्हणजे पाच-सात दिवस रोज २० ग्रॅम, तर वजन आठवड्याभरातच किलो-दीड किलो वर जाऊ शकतं, रोज ३ ते ५ ग्रॅमने हाच साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात. त्यात भाऊ शाकाहारी, क्रिएटिन मिळतं मटण-माशांतून, म्हणजे याचा साठा मुळात कमी, भरायला जागा जास्त.

हिशोब करा. ५०० गुणिले २१, साडेदहा हजार कॅलरी. एक किलो चरबीला साधारण ७७०० धरतात, म्हणजे अंदाजे १.४ किलो चरबी गेली आणि जवळपास तेवढंच पाणी आलं. काट्याला दोन्ही सारखंच.

आता टेप. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता: ९६ वरून ९३. मांडी मात्र ५८ ची ५८, कारण वरची चरबी कमी झाली पण आतला स्नायू पाण्याने भरला, त्यामुळे फक्त दंड-मांडी मोजणारा हमखास फसतो. आणि ही जिममधल्या मशीनची प्रिंट, ज्यावर पाय ठेवून उभं राहतात ते, म्हणे मसल दीड किलो वाढलं! ते बारीक करंट सोडून पाण्याचा अंदाज घेतं आणि पाणी चरबी सोडून बाकीच्या वजनात धरतं, त्यामुळे एवढ्यात पार्टी देऊ नका.

साठा भरला की पाणी वाढणं थांबतं. म्हणून चौथ्या आठवड्याची सरासरी नवी सुरुवात धरायची आणि पुढे तिच्याशीच तुलना करायची, रोजच्या आकड्याशी नाही. त्यानंतरही दोन-तीन आठवडे कंबर आणि काटा दोन्ही जागचे हलले नाहीत तर दोष पाण्याचा नाही, ताटाचा. आणि डबा बंद केल्यावर महिनाभरात जे किलोभर उतरतं ते पाणीच, चरबी नव्हे.

किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं, तेव्हा क्रिएटिन चालू असल्याचं त्यांना सांगा.