‘विचार करून सांगतो’ हे वाक्य यायच्या साधारण आठ मिनिटं आधीच कॉल हातातून गेला होता

नमस्कार मंडळी, आज थेट एका कॉलवर बोलूया. मी घराच्या छतावर सोलार बसवणाऱ्या एका छोट्या डीलरकडे सेल्सची टीम बघतो, चार पोरं आहेत, दिवसभर फोनवर असतात, आणि कॉल रेकॉर्ड होतोय हे सुरुवातीलाच सांगतात (ते सांगायचंच हां, त्यात चालढकल नको). तर हा कॉल आहे अकरा मिनिटांचा. शेवट असा, की समोरचे काका म्हणतात, "जरा महागच वाटतंय हो, विचार करून सांगतो." आमचा मुलगा म्हणतो, "काका पाच हजार कमी करून देतो, तुम्ही फक्त हो म्हणा." काका म्हणतात, "बघतो." फोन कट.

आता हा कॉल नुसता ऐकला ना, तर सगळे एकच बोलतात, की अरे क्लोजिंग कमी पडलं. मीही आधी तेच बोलायचो. आणि मग मुलाला सांगायचं काय, तर "जरा जोर लाव." त्याने काय होणार? म्हणून आम्ही मार्कांचा एक तक्ता केला, रुब्रिक म्हणतात त्याला. फक्त तीन ओळी, प्रत्येक ओळीला शून्य, एक किंवा दोन मार्क, आणि एकच कडक नियम: मार्क दिलास तर रेकॉर्डिंगमधला मिनिट-सेकंद बाजूला लिहायचा. "चांगलं बोलला", "आवाजात कॉन्फिडन्स होता" असलं काही तक्त्यात चालत नाही.

पहिली ओळ डिस्कव्हरी, म्हणजे ग्राहकाची परिस्थिती समजून घेणारे प्रश्न. विचारलंच नाही तर शून्य. विचारलं पण उत्तर आलं आणि हा पुढच्या प्रश्नावर गेला, तर एक. उत्तर धरून अजून एक पायरी खाली उतरला आणि ते उत्तर पुढे बोलण्यात वापरलं, तर दोन. आता बघा, आमच्या मुलाने प्रश्न विचारले होते सात! बिल किती, घर स्वतःचं का, छत किती मोठं, सगळं. प्रश्न मोजले असते तर फुल मार्क. पण २:४० ला काय झालं ते वाचतो.

मुलगा: "छत मोकळं आहे ना काका?"
काका: "मोकळंय तसं, पण वरचा मजला भावाचा आहे."
मुलगा: "अच्छा अच्छा. आणि बिल साधारण किती येतं?"

झालं. इथे कॉल गेला. वरचा मजला भावाचा, म्हणजे छतावर हक्क कोणाचा? पॅनेल लावायला भाऊ हो म्हणेल का? तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, ती भावाने द्यायची, आणि बिल कमी होणार काकांचं! हा प्रश्न कोणत्याही किमतीपेक्षा मोठा आहे, आणि काकांनी तो स्वतःहून समोर ठेवला होता. मुलाने "अच्छा अच्छा" म्हणून ओलांडला. का? कारण त्याच्यासमोर प्रश्नांची यादी होती आणि पुढचा प्रश्न बिलाचा होता. म्हणून डिस्कव्हरीला एक मार्क. मी तर म्हणतो यादीच काढून घ्या दोन दिवस, बघा काय होतं.

मग तीन ते सात मिनिटं पोरगा एकटाच बोलतोय. पीएम सूर्य घर योजना, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी, नेट मीटर, महावितरणचं काम आम्ही करून देतो, सगळं बरोबर, एक शब्द चुकीचा नाही. आणि काका नुसते "हं... हं..." करतायत. ऐकताना मी हे "हं" फार लक्ष देऊन ऐकतो, सुरुवातीला "हो का?" असतं, मग "हं" होतं, मग तेही बंद होतं.

दुसरी ओळ ऑब्जेक्शन, ग्राहकाची हरकत. लगेच वाद घातला किंवा लगेच डिस्काउंट दिला, तर शून्य. ऐकून घेऊन नीट उत्तर दिलं, तर एक. आधी विचारलं की नेमकं काय अडतंय, मग उत्तर दिलं, आणि पटलं का तेही विचारलं, तर दोन. आता "महाग" या शब्दाचे आमच्या धंद्यात निदान तीन अर्थ निघतात. एक, दुसऱ्या कोणीतरी कमी कोटेशन दिलंय. दोन, सबसिडी सिस्टिम चालू झाल्यावर नंतर खात्यात येते, म्हणजे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते, तिथे गाडी अडलीये, आणि त्यावर उत्तर डिस्काउंट नसून कर्ज किंवा हप्ते हे असतं. आणि तीन, निर्णय माझ्या एकट्याच्या हातात नाही पण हे परक्या माणसाला फोनवर कशाला सांगू. काकांचं तिसरं होतं. आणि आपण पाच हजार देऊन टाकले! काम तर झालंच नाही, वर पुढच्या वेळी बोलणं कमी झालेल्या किमतीपासून सुरू होणार. शून्य.

तिसरी ओळ नेक्स्ट स्टेप. "व्हॉट्सॲप करतो", "फोन करतो नंतर" याला शून्य. वार-वेळ ठरली पण सगळं काम आपल्याच माणसाकडे, तर एक. वार, वेळ, कोण हजर असेल हे ठरलं, आणि ग्राहकानेही एक छोटं काम अंगावर घेतलं, म्हणजे बिलाचा फोटो पाठवतो वगैरे, तर दोन. आमच्याकडे "बघतो." शून्य. सहापैकी एक.

इथे एक गंमत सांगतो. हाच कॉल मी आणि दुसऱ्या सिनियरने वेगवेगळा बसून तपासला, एकमेकांना न दाखवता, तर त्याने ऑब्जेक्शनला एक दिला होता. का, तर "पोरगा शांत होता, चिडला नाही." म्हणजे तो स्वभावाला मार्क देत होता. हे प्रत्येक टीममध्ये होतं, म्हणून महिन्यातून एकदा तरी एक कॉल दोघांनी असा तपासा, आणि जिथे मार्क जुळत नाहीत तिथे वाद न घालता तक्त्यातलं वाक्य अजून स्पष्ट करा. आणि हो, कॉल मुलांना निवडू देऊ नका, ते जमलेलेच कॉल आणतात (मीही आणायचो). आम्ही आठवड्याला प्रत्येकाचे तीन घेतो, दोन कुठलेही डोळे मिटून, आणि एक हुकलेला.

फीडबॅक देताना मी आधी त्यालाच मार्क द्यायला लावतो. या मुलाने हेडफोन लावला, २:४० ला आला, पुढे गेला, थांबला, मागे घेतलं, परत ऐकलं, आणि म्हणाला, "सर, हे मी ऐकलंच नव्हतं." मी बाकी काही बोललोच नाही, ना सबसिडीच्या भाषणावर ना डिस्काउंटवर. एका वेळी एकच गोष्ट.

दोन दिवसांनी त्याने काकांना परत फोन केला. किंमत काढलीच नाही. म्हणाला, "काका, मागे तुम्ही म्हणाला होता वरचा मजला भावाचा आहे, त्यांच्याशी बोलणं झालंय का?" काका दोन सेकंद गप्प. आणि मग जे सुरू झाले ते पाच मिनिटं! वर पाण्याच्या टाक्या आहेत, वहिनींची वाळवणं असतात, आणि भावाला भीती की स्लॅबला भोकं पाडतील आणि पावसाळ्यात गळती लागेल. मुलाने विचारलं, "दोघंही कधी घरी असता? आमचा साईटचा माणूस घेऊन येतो, स्ट्रक्चर कसं बसतं ते त्यांनाच दाखवू." रविवार, सकाळी अकरा, दोघे भाऊ हजर, आणि काका बिलाचा फोटो शनिवारी पाठवणार.

नेक्स्ट स्टेपला दोन मार्क. ऑर्डर? नाही, अजून नाही झाली, टाकी हलवायची की नाही यावर भावाभावांचं चाललंय. पण फोटो शनिवारी सकाळी नऊलाच आला होता.