गॅस सरला, पण शौचाचं काय?

नमस्कार श्रोतेहो.

पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला राउंडवर आलेले डॉक्टर हमखास विचारतात, "गॅस सरला का?" सरला म्हटलं की आतड्यांची हालचाल सुरू झाल्याची खूण मिळते, आणि पुढे एक-दोन दिवसांत घरी जायची परवानगीही. पण गॅस सरणं वेगळं आणि शौचाला होणं वेगळं. कित्येक पेशंट हॉस्पिटलात एकदाही शौचाला न होता घरी जातात. त्यात चूक काही नाही. मात्र पहिली शौच मग घरी व्हायची असते आणि तिची तयारी डिस्चार्जच्या आधीच करावी लागते. आज त्या तयारीबद्दल बोलू.

आधी आतडं का थांबतं ते पाहू. पोट उघडून आतड्यांना हात लागला की ती काही काळ गप्प होतात. लहान आतडं साधारण दिवसभरात पुन्हा हलू लागतं, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. इथवर सगळं स्वाभाविक. अडचण येते ती वेदनाशामकांमुळे. ट्रामाडॉल, मॉर्फिन, कोडीन या गटातली औषधं मेंदूत जशी काम करतात तशीच आतड्याच्या भिंतीतही करतात. मळ पुढे ढकलणाऱ्या लाटा मंदावतात, मळ आत जास्त वेळ राहतो आणि त्यातलं पाणी शोषलं जाऊन तो घट्ट होत जातो. या औषधांची गुंगी, मळमळ काही दिवसांत अंगवळणी पडते. बद्धकोष्ठता मात्र पडत नाही. गोळी चालू असेपर्यंत ती राहते.

समजा, साठीतल्या एका बाईंचं पोटावर चीर देऊन गर्भाशय काढलं आहे. ऑपरेशन सोमवारी. शेवटची शौच रविवारी सकाळी. बुधवारी गॅस सरला, गुरुवारी घरी. डिस्चार्ज कार्डावर दिवसातून तीन वेळा ट्रामाडॉल, रक्त कमी म्हणून लोहाची गोळी आणि मळमळीसाठी ओन्डान्सेट्रॉन. तिन्ही औषधं आतडं आवळणारी, आणि पोट साफ ठेवणारं औषध एकही नाही. घरी आल्यावर उठताना टाके ओढतात, म्हणून लघवीला वारंवार जायला नको म्हणून बाई पाणीच कमी पितात. शनिवारी पोट जड, भूक मेलेली. रविवारी, म्हणजे सात दिवसांनी, कुंथून पाहतात. टाक्यांत कळ येते आणि त्या अर्ध्यावर सोडून देतात. सोमवारी कपड्यांना पातळ पाणी लागतं. घरच्यांना वाटतं, जुलाब लागले. ते जुलाब थांबवायची गोळी देतात.

इथे नेमकं उलटं घडलेलं असतं. गुदाशयात मळाचा कडक खडा अडकलेला असतो आणि वरचं पातळ पाणी त्याच्या कडेने झिरपत असतं. आठवडाभर शौच नाही आणि एकदम थोडं थोडं पाणी, सोबत खाली सतत दाब जाणवतो, अशी खूण दिसली तर जुलाब थांबवायचं औषध देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं. तो खडा बहुधा एनिमाने किंवा बोटाने काढावा लागतो, आणि ताज्या टाक्यांवर ते फार क्लेशाचं होतं.

हे टाळायचं तर घड्याळ मागे, मंगळवारवर नेऊ. तोंडाने पातळ सुरू झालं की त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारायचं: "ट्रामाडॉल चालू आहे, तर पोटाचं औषध कधीपासून?" तीन दिवस वाट पाहून मग औषध शोधायचं नाही. वेदनाशामक आणि पोटाचं औषध यांची सुरुवात जोडीने व्हावी.

आता औषधातला फरक. मळ मऊ करणारं औषध आणि आतडं हलवणारं औषध एक नव्हे. डॉक्युसेटसारखं नुसतं मऊ करणारं औषध या गटाच्या वेदनाशामकांपुढे बहुधा अपुरं पडतं, कारण आतडं ढकलतच नसेल तर मऊ मळही जागीच राहतो. म्हणून आतड्यात पाणी धरून ठेवणारं एक औषध देतात: लॅक्टुलोज १५ ते ३० मिली, किंवा पॉलिएथिलीन ग्लायकोलची १७ ग्रॅम पावडर पेलाभर पाण्यात. गरज पडल्यास त्याच्या जोडीला रात्री बिसाकोडिल किंवा सेन्ना, जे आतड्याला हलवतं. बिसाकोडिलची ५ मिलिग्रॅमची गोळी रात्री घेतली की सहा ते बारा तासांत परिणाम दिसतो. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात, म्हणून पहिल्या रात्री काही झालं नाही तर औषध फुकट गेलं असं समजू नये. त्याने पोटात गॅस होतो हेही खरं. शौच पाण्यासारखी झाली तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवावं. इसबगोल मात्र इथे नको: आतडं मंद आणि पाणी कमी अशा वेळी ते फुगून आतच गोळा होऊ शकतं. आणि आतड्याचा तुकडा काढून जोड दिलेला असेल, तर औषध कोणतं आणि कधी हे फक्त सर्जनने ठरवायचं. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायची गोळी तिथे परस्पर कधीच वापरू नये.

त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळांना देऊन ट्रामाडॉल कमी करता येईल का? लोहाची गोळी थोडी पुढे ढकलता येईल का? आमच्या मते हे दोन प्रश्न पोट साफ करणाऱ्या एखाद्या वाढीव औषधाइतकेच कामाचे आहेत.

आता चालण्याविषयी. लवकर चालल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि छातीत कफ साचण्याचा धोका कमी होतो. आतड्यालाही त्याची मदत होते, पण एकट्या चालण्याने ट्रामाडॉलचा परिणाम पुसला जात नाही. म्हणून दोन्ही करायचं. वेदनाशामक घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने उठावं. सरळ उठून बसू नये: गुडघे वाकवून कुशीवर वळावं, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताने रेटा देत बसावं. दुसऱ्या हाताने चिरेवर उशी दाबून धरावी. दोन मिनिटं तसंच बसून चक्कर येत नाही ना पाहावं, मग कुणाला तरी सोबत घेऊन उभं राहावं. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच ठेवावी. पहिल्यांदा पलंगापासून दारापर्यंत आणि परत, एवढं पुरे. दुसऱ्या दिवसापासून पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा.

शौचाला बसायची वेळ सकाळच्या खाण्यानंतर वीस-तीस मिनिटांनी ठेवावी, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंच पाट घ्यावा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात. पुढे झुकून चिरेवर उशी धरावी. श्वास रोखून जोर न लावता तोंडाने हळू श्वास सोडावा. दहा मिनिटांत झालं नाही तर उठावं, पुन्हा खाल्ल्यावर बसावं.

घरी गेल्यावर दिवस डिस्चार्जपासून न मोजता शेवटच्या शौचापासून मोजावेत. औषध चालू असूनही घरी दोन दिवस शौच झाली नाही, तर फोन करून डोस विचारावा. पण पोट ढोलासारखं ताणलेलं, उलट्या होतात, विशेषतः हिरव्या, सरणारा गॅसही बंद झाला, पोटात कळा येतात किंवा ताप आहे, अशा वेळी पोट साफ करणारं कुठलंही औषध घेऊ नये. आतडं अडलेलं असू शकतं आणि त्यावर जोर देणं घातक ठरतं. तोंडाने खाणंपिणं थांबवून थेट हॉस्पिटल गाठावं, आणि तिथे पोहोचल्यावर शेवटची शौच कधी झाली आणि गॅस कधीपासून बंद आहे हे आधी सांगावं.