वेढा घालणाऱ्यांनाच पडलेला वेढा

श्रोतेहो, किल्ल्यांवरील व्याख्यानात तट, बुरूज आणि चोरदरवाजे येतात. घोडदळाचा विषय मात्र वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवला जातो. ही फारकत मला नेहमीच खटकत आली आहे. गड शत्रूला एका जागी खिळवून ठेवी आणि त्या खिळलेल्या फौजेची रसद बाहेरचे स्वार तोडत. एकाचे काम दुसऱ्यावाचून पुरे होत नसे.

जिंजीचेच पाहा. राजाराम महाराज तेथे पोहोचल्यावर 1690 साली जुल्फिकारखानाने वेढा घातला. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी हे तीन डोंगर तटांनी जोडलेले असल्यामुळे जिंजीचा घेर एवढा मोठा होता की मोगलांना तो पूर्णपणे कधीच आवळता आला नाही. त्यातच एवढ्या छावणीला रोज लागणारे धान्य आणि वैरण बाहेरूनच आणावी लागे.

1692 च्या डिसेंबरात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव तेथे येऊन धडकले, तेव्हा त्यांनी मोगलांच्या मुख्य छावणीवर सरळ चाल केली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. संताजींनी कांचीचा फौजदार अलीमर्दानखान याला वाटेतच गाठून कैद केले, तर धनाजींनी वेढ्यातील एका बाजूचे ठाणे मोडून इस्माईलखान मका याला पकडले. कांचीकडचा मुलूख हातचा गेल्याने छावणीत धान्य येईना, त्या भागात हिवाळ्याच्या तोंडाशी पडणाऱ्या पावसाने हाल वाढवले, आणि बादशहाशी संपर्क तुटताच छावणीत अफवा पसरू लागल्या. शहजादा कामबक्ष मराठ्यांशी संधान बांधत असल्याच्या संशयावरून खुद्द मोगल सरदारांनीच त्याला नजरकैदेत टाकले. अखेर जड तोफा निकामी करून जुल्फिकारखानाला वांदिवाशकडे माघार घ्यावी लागली. भुकेने फौज तर खंगतेच, पण तिच्यातला परस्परविश्वासही जातो.

वेळ संपत आल्याचा इशारा मिळाला आहे, म्हणून या पद्धतीच्या मर्यादेचा मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. पुढे संताजी आणि धनाजी यांच्यात वितुष्ट आले, 1697 साली संताजी मारले गेले, आणि 1698 च्या आरंभी जिंजी पडली. तट तेच होते. बाहेरून वेढा फोडणारी एकजूट उरली नव्हती. तोवर राजाराम महाराज मात्र निसटले होते, कारण जिंजीने आठ वर्षांचा अवधी मिळवून दिला होता.

त्यानंतर 1699 पासून औरंगजेब स्वतः साताऱ्यापासून तोरण्यापर्यंत गडांमागून गड घेत फिरला आणि त्यांतले काही तर किल्लेदारांना पैसे मोजून ताब्यात आले. तथापि घेतलेल्या गडावर ठेवलेल्या शिबंदीला दाणागोटा पोहोचवण्याच्या वाटा मराठी स्वारांच्याच टापांखाली होत्या. म्हणून बादशहाची मुख्य फौज पुढे सरकली की त्यांपैकी बरेच गड मराठे पुन्हा घेत.