सुपरमॅन उडायला कधी शिकला?

नमस्कार श्रोतेहो.

सुपरमॅन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एक हात पुढे, पाठीवर फडफडणारा लाल झगा आणि आकाशात आडवा झालेला माणूस. पण १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आणला, तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो उड्या मारायचा. एका उडीत मैलाचा आठवा भाग, म्हणजे साधारण दोनशे मीटर. वीस मजली इमारत ओलांडायचा, आगगाडीपेक्षा जोरात धावायचा. हे कसं जमतं, याचा खुलासाही तिथेच होता. मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट ओझं उचलते, टोळ स्वतःच्या मापाने प्रचंड लांब उडी मारतो, मग या परग्रहावरच्या माणसाने का मारू नये? थोडक्यात, तो फार बळकट होता, एवढंच. गुरुत्वाकर्षण त्यालाही लागू होतं.

कॉमिकच्या पानावर उडीने काहीच अडत नाही. एका चौकटीत तो जमिनीवर, पुढच्या चौकटीत गच्चीवर. मधली सगळी हालचाल वाचक मनातच भरून काढतो. शिवाय हवेतला सुपरमॅन एकाच चौकटीत काढलेला असेल, तर तो झेपावतोय की उडतोय हे चित्राकडे बघून सांगताही येत नाही.

पडद्यावर मात्र ही मधली हालचाल कुणाला तरी काढावी लागते. १९४१मध्ये मॅक्स आणि डेव्ह फ्लाइशर या भावांच्या स्टुडिओने सुपरमॅनवर छोटे ॲनिमेशनपट करायला घेतले. आता विचार करा, उडी म्हणजे काय काय आलं. गुडघे वाकवायचे, अंग आखडायचं, सुटायचं, कमान घ्यायची, खाली यायचं, आपटल्यावर पुन्हा गुडघे वाकवायचे आणि पुढच्या उडीसाठी हे सगळं परत. खलनायक विमानातून पळतोय आणि आपला नायक त्याच्यामागे टुणटुणत चाललाय, असं ते दिसणार. गंभीर चेहऱ्याचा महाबली आणि चाल बेडकाची! उडवलं की हे सगळं सुटतं. शरीराची एक ठाम रेषा धरायची, मागचं दृश्य सरकवायचं, झग्याला हालचाल द्यायची. कामही सोपं आणि दिसायलाही देखणं. सुरुवातीच्या काही भागांत तो झेपावतोय की उडतोय याचा घोळ दिसतो, पण मालिका पुढे सरकते तसा तो सरळ उडायलाच लागतो. कॉमिकनेही मग फार वेळ घेतला नाही. १९४०च्या दशकाच्या पूर्वार्धातच तो कागदावरही उडू लागला.

आणि हो, आपल्या माध्यमाचा वाटा विसरून चालणार नाही. त्याची रेडिओ मालिका या ॲनिमेशनपटांच्या आधी, १९४० साली सुरू झाली होती. रेडिओवर उडी कशी ऐकवणार? बड कॉलियर हा नट आवाज चढवून उड्डाणाची घोषणा करायचा, मागून वाऱ्याचा सूंऽऽ असा आवाज यायचा आणि श्रोत्यांच्या लेखी सुपरमॅन आकाशात गेलेला असायचा. त्याचं बळ हिरावून घेणारा क्रिप्टोनाइट दगडही १९४३मध्ये आधी रेडिओवरच आला. कॉमिकमध्ये त्याला १९४९ उजाडलं, आणि गंमत म्हणजे तिथे तो पहिल्यांदा लाल रंगाचा होता. त्याच गोष्टीत, त्या दगडाचा माग काढत काढत, आपण क्रिप्टॉन ग्रहावरचे आहोत हे सुपरमॅनला स्वतःला कळतं. वाचकांना अकरा वर्षं माहीत असलेली गोष्ट!

पोशाखाचं तर याहून विचित्र. कागदावर निळा आणि लाल हे रंग एकमेकांना छान उठाव देतात. कृष्णधवल फिल्मवर मात्र दोन्ही जवळपास सारखेच करडे दिसतात आणि छातीवरची खूण अंगरख्यात बुडून जाते. म्हणून १९५०च्या दशकातल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या सुरुवातीच्या, कृष्णधवल भागांसाठी जॉर्ज रीव्ह्ज या नटाचा पोशाख तपकिरी, करड्या आणि पांढऱ्या छटांत शिवला होता. प्रेक्षक घरी बसून मनातल्या मनात त्याला निळा-लाल रंगवत होते. चित्रीकरण रंगीत झालं, तेव्हा कुठे खरे रंग अंगावर आले.

१९७८च्या मोठ्या चित्रपटात रंगाने उलटा डाव टाकला. नटाला निळ्या पडद्यासमोर टांगायचं आणि नंतर तो निळा काढून तिथे आकाश बसवायचं, ही तेव्हाची रूढ युक्ती. पण इथे नायकच निळा! पडद्याबरोबर त्याचं अंगही गायब व्हायचं. पोशाखाची छटा हिरवटपणाकडे झुकवून पाहिली गेली. खरा मार्ग काढला तो झोरान पेरिसिक या तंत्रज्ञाने. पार्श्वभूमी टाकणारा प्रोजेक्टर आणि समोरचा कॅमेरा, दोघांनाही झूम भिंग लावायचं आणि दोन्ही एकाच वेळी, एकाच प्रमाणात फिरवायची. मग मागचं दृश्य कॅमेऱ्याला आहे तेवढंच दिसत राहतं, पण मधला नट लहानमोठा होतो. सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह जागच्या जागी लटकलेला आणि आपल्याला वाटतं तो थेट अंगावर येतोय.

याच चित्रपटाने जन्मकथेतही हात घातला. मार्लन ब्रँडोने केलेल्या सुपरमॅनच्या बापाच्या छातीवर तीच ‘एस’सारखी खूण दाखवली. म्हणजे ते सुपरमॅनचं आद्याक्षर राहिलं नाही, घराण्याचं चिन्ह झालं. मला हा बदल फार हुशारीचा वाटतो, कारण परग्रहावरून आलेला माणूस छातीवर इंग्रजी अक्षर घेऊन का हिंडतो, या पोरकट वाटणाऱ्या पण रास्त प्रश्नाला त्यात उत्तर मिळतं. पण कॉमिकने ते लगेच उचललं नाही. १९८६मध्ये जॉन बर्न यांनी जन्मकथा नव्याने लिहिली. चित्रपटाप्रमाणे बर्फासारखा थंड, भावनाशून्य क्रिप्टॉन त्यांनीही रंगवला, खूण मात्र क्लार्क, म्हणजे पृथ्वीवर वाढलेला सुपरमॅन, आणि त्याच्या पालक वडिलांनी पृथ्वीवरच आखलेली दाखवली. घराण्याच्या चिन्हाची कल्पना कागदावर नीट रुजायला पुढचं शतक उजाडावं लागलं.

राहता राहिली ती बाहेरून घातलेली लाल चड्डी, थट्टेचा कायमचा विषय. शुस्टरच्या काळात ताकदीचे खेळ करणारे पैलवान तशीच घालायचे, त्यामुळे तेव्हाच्या वाचकाला तिचा अर्थ लगेच कळायचा. तो संदर्भ पुसला गेला आणि उरलं फक्त हसू. २०११मध्ये कॉमिकने ती काढली, २०१३च्या चित्रपटातही ती नव्हती. खवल्यांसारखी वीण असलेला, गडद रंगाचा तो पोशाख जणू चिलखतच होता. २०१८मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात ती परत आली आणि २०२५च्या चित्रपटातही. दिग्दर्शक जेम्स गन यांचं मन आधी तयार नव्हतं. नट डेव्हिड कोरेनस्वेट याने त्यांना पटवलं. डोळ्यांतून आग ओकणाऱ्या, डोंगर हलवणाऱ्या परग्रहवासीयाला पाहून मुलांनी घाबरू नये असं वाटत असेल, तर त्याने थोडं हास्यास्पद दिसलेलंच बरं, असं त्याचं म्हणणं होतं.