अकराचे दान, बाराचे दान

दोन फासे एकदम टाकले, तर वरच्या ठिपक्यांची बेरीज २ पासून १२ पर्यंत कोणतीही येऊ शकते. यांतील अकराचे दान आणि बाराचे दान सारख्याच वेळा पडेल का? कलनशास्त्राच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्निझला तसे वाटले होते. बारा फक्त सहा-सहाने होतात, अकरा फक्त पाच-सहाने होतात. दोहोंना एकेकच वाट आहे, असा त्याचा हिशेब होता. वरवर पाहता त्यात खोट काढणे अवघड आहे.

खोट दिसावी म्हणून एक फासा लाल आणि दुसरा पांढरा घेऊ. आता अकरा दोन प्रकारे होतात: लालवर पाच आणि पांढऱ्यावर सहा, किंवा लालवर सहा आणि पांढऱ्यावर पाच. बारासाठी मात्र दोन्ही फाशांवर सहाच हवेत, आणि त्यांची अदलाबदल केली तरी नवे काही निर्माण होत नाही. फासे एकाच रंगाचे असले, तरी ते दोन वेगळे फासेच असतात. आपल्याला ते ओळखू येत नाहीत, एवढ्याने त्यांचे पडणे बदलत नाही.

लाल फाशाच्या सहा आकड्यांपैकी प्रत्येकाबरोबर पांढऱ्याचा कोणताही आकडा येऊ शकतो, म्हणून एकूण ३६ जोड्या होतात, आणि फासे निर्दोष असतील तर प्रत्येक जोडी सारखीच शक्य असते. या जोड्या सहा ओळी आणि सहा स्तंभांच्या चौकटीत मांडल्या, की समान बेरजेची घरे तिरक्या रेषेत येतात. सर्वांत लांब रेषा साताची आहे, कारण लालवर काहीही पडले तरी सात पूर्ण करणारा एक आकडा पांढऱ्यावर असतोच. म्हणून साताच्या सहा जोड्या आहेत आणि त्याची शक्यता ६/३६, म्हणजे एक षष्ठांश आहे. साताच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक पावलाला एकेक जोडी कमी होते: सहा आणि आठ यांच्या पाच-पाच, पाच आणि नऊ यांच्या चार-चार, आणि असे करत दोन आणि बारा यांच्या वाट्याला एकेकच जोडी उरते. साऱ्यांची बेरीज बरोबर ३६ भरते. ती भरली नाही, तर मोजणीत काहीतरी सुटले आहे किंवा दोनदा धरले गेले आहे.

रंग न पाहता मोजल्यास जोड्या २१ च होतात, आणि सहा, सात, आठ या तिन्ही बेरजांच्या वाट्याला तीन-तीन जोड्या येऊन त्या समान भासतात. चूक जोड्या लिहिण्यात नसते. त्या २१ जोड्या समशक्य मानण्यात असते, कारण तीन-चार ही जोडी तीन-तीनच्या दुप्पट वेळा पडते.

हे पडताळण्यासाठी फासे ३६० वेळा टाकून नोंद ठेवावी. अकरा सुमारे वीस वेळा आणि बारा सुमारे दहा वेळा पडावेत अशी अपेक्षा असते. बारा सातच वेळा पडले किंवा तेरा वेळा पडले, तर त्यात वावगे काही नाही. पण ते चाळीस वेळा पडले, तर ३६ जोड्यांच्या हिशेबावर शंका घेण्याआधी फासे तपासावेत.