पिन खात्याचा असतो

आज बोलायचंय यूपीआयचा पिन आणि ॲपमधला खातेबदल या दोन्हींवर, पण आधी माझ्या आत्याची हकीकत सांगतो. तिच्या फोनमध्ये पैसे पाठवायची दोन ॲप्स आहेत, दोन्हींना एकच बँक खातं जोडलेलं. ती पिन विसरली. जुना आठवत असेल तर ‘पिन बदला’ चालतं. आठवत नसेल तर ‘पिन विसरलात’ हाच रस्ता. तिथे डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष मागतात. आत्यानं पर्समधलं कार्ड काढून घातलं, आणि नकार आला. पुन्हा घातलं, पुन्हा नकार. कार्ड निरखून पाहिलं तेव्हा कळलं, मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली. नवं कार्ड बँकेनं केव्हाच पाठवलं होतं, ते कपाटात, न फोडलेल्या लिफाफ्यात. ते आधी एटीएमवर जाऊन चालू करावं लागलं. काही बँका यूपीआयचा पिन बसवताना एटीएमचा पिनही विचारतात, म्हणून हे टळत नाही.

नव्या कार्डानं ओटीपी आला, नवा पिन बसला, आत्या खूश. संध्याकाळी दुसऱ्या ॲपमधून दूधवाल्याला पैसे देताना तिनं वहीत सापडलेला जुना पिन टाकला. तिला वाटलं, त्या ॲपचा पिन वेगळा. तीनदा चुकला आणि पिन बंद. बहुतेक बँकांत अशा वेळी चोवीस तास थांबावं लागतं, नाहीतर पिन पुन्हा नव्यानं बसवावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी भेटेल त्याला सांगतो: यूपीआयचा पिन ॲपचा नसतो, फोनचाही नसतो, तो बँक खात्याचा असतो. एका ॲपमध्ये बदलला की त्या खात्यापुरता सगळीकडे बदलला. दुसऱ्या दिवशी आत्याचा नवा पिन दोन्हीकडे चालला.

कार्डच नसेल तर? बऱ्याच बँकांत आधारच्या ओटीपीनं पिन बसतो. त्यासाठी खात्याला आधार जोडलेलं हवं, आणि बँकेतला आणि आधारचा मोबाइल नंबर एकच हवा.

वेळ संपत आलीय, तेव्हा खातेबदल थोडक्यात. नव्या बँकेत तोच नंबर नोंदलेला हवा आणि त्याचं सिम याच फोनमध्ये हवं. मग ॲपमध्ये ‘बँक खाते जोडा’, यादीतून बँक निवडा, खातं आपोआप सापडतं. त्याला आधीचा पिन नसेल तर तो वेगळा बसवावा लागतो. खातं जोडलं म्हणजे सगळं झालं असं नाही. ते ‘मुख्य’ केल्याशिवाय तुमच्या नंबरवर येणारे पैसे जुन्या खात्यातच जातात. म्हणून घरातल्या कुणाला तरी एक रुपया पाठवायला सांगा आणि तो कुठल्या बँकेत जमा झाला ते बघा. विजेचं बिल, विमा यांची ऑटोपे मंजुरी मात्र जुन्या खात्यालाच चिकटून राहते. ती नव्या खात्यावरून पुन्हा द्या, पहिला हप्ता तिथून कापला गेला की मगच जुनं खातं काढा.